चकारातला हरवलेला एकार

कॉलेजात संस्कृतच्या तासाला लिट् लकार, म्हणजे भूतकाळाचा एक प्रकार, आला आणि त्याच्याबरोबर एक खटकणारी गोष्ट आली. रीत तशी सोपी होती. धातूचं पहिलं व्यंजन दोनदा म्हणायचं: दा चं ददौ, पत् चं पपात, तुद् चं तुतोद. या हिशेबाने कृ चं ‘ककार’ व्हायला हवं, पण होतं चकार. गम् चं जगाम होतं, खन् चं चखान. बाईंना विचारलं तर त्यांनी फळ्यावर पाणिनीचं सूत्र लिहिलं: कुहोश्चुः. अभ्यासात, म्हणजे दुप्पट केलेल्या भागात, कवर्ग आणि ह यांच्या जागी चवर्ग येतो. आम्ही ते वहीत उतरवलं आणि पुढच्या धातूकडे वळलो.

सूत्र बिनचूक आहे. काय होतं ते ते सांगतं. का होतं हे सांगणं त्याचं काम नव्हतं. त्या ‘का’चं उत्तर 1870 नंतरच्या काही वर्षांत युरोपात सापडलं. ते सापडताना संस्कृतबद्दलची एक पक्की समजूत मोडली आणि ध्वनिबदल नियमित असतो हे गृहीतक किती ताण सहन करतं तेही कळलं. अभ्यासक या शोधाला तालव्य नियम म्हणतात. इथे तो एकच नियम घेऊन, तुलनेच्या पद्धतीने मूळरूपापर्यंत कसं जातात ते पाहू.

आधी तेव्हाची परिस्थिती. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं म्हटलं, त्याला आठेक दशकं होऊन गेली होती. शब्दांच्या जोड्या जमल्या होत्या, त्या मुळाची रूपं लिहून दाखवायलाही सुरुवात झाली होती. जर्मनीतल्या आउगुस्ट श्लायखरने तर 1868 साली त्या आदिभाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टच रचली. ‘पाहिलं’ यासाठी त्याने लिहिलं ददर्क, ‘घोड्यांना’ यासाठी अक्वम्स. वाचताना संस्कृतच कुठेतरी थोडं वाकवल्यासारखं वाटतं, आणि ते साहजिक होतं. श्लायखरच्या आदिभाषेत ऱ्हस्व स्वर तीनच होते, अ, इ आणि उ, कारण संस्कृतात ते तीनच आहेत. संस्कृत सगळ्यांत जुनी, म्हणून मुळाच्या सगळ्यांत जवळची, असा तो हिशेब होता.

अडचण अ ची होती. पुढचे शब्द पाहा. (संस्कृतात ए आणि ओ दीर्घच असतात. ग्रीक, लॅटिन आणि आदिरूपांतला ए-ओ मात्र इथे ऱ्हस्व वाचायचा, ‘केळं’ मधला ए पटकन म्हटल्यासारखा.)

| अर्थ | संस्कृत | ग्रीक | लॅटिन |
|---|---|---|---|
| आहे | अस्ति | एस्ति | एस्त |
| मी वाहतो | भरामि | फेरो | फेरो |
| आठ | अष्ट | ओक्तो | ओक्तो |
| हाकणे | अज् | अग् | अग् |

पहिल्या अक्षरातला स्वर पाहिला तर संस्कृतात सगळीकडे अ आहे. समोरच्या दोन भाषांत कुठे ए, कुठे ओ, कुठे अ. महत्त्वाचं म्हणजे ग्रीकमध्ये ए असला की लॅटिनमध्येही बहुतेक ए च असतो, आणि ओ असला की ओ.

इथे अर्थ दोनच लावता येतात. एक, मुळात अ होता आणि पश्चिमेकडच्या भाषांत तो तिघांत फुटला. दोन, मुळात तीन वेगळे स्वर होते आणि संस्कृतात ते एकात मिसळले. तुलनात्मक पद्धत या दोन अर्थांना सारखं मानत नाही. तीन ध्वनी एक व्हायला कुठलीही अट लागत नाही. श आणि ष चा उच्चार आपल्याकडे एकच झाला, तेव्हा कुणी अट घातली नव्हती. पण एकाचे तीन व्हायचे तर अट सांगावी लागते: या व्यंजनाआधी ए, त्या व्यंजनानंतर ओ, असं काहीतरी. अट सापडत नसेल तर भेद मुळातच होता असं धरायचं.

गेओर्ग कुर्टिउसने 1864 साली या अ-च्या फुटीवर लेख लिहिला. युरोपातल्या भाषा ए वर एकमत आहेत हे त्याने नीट दाखवलं, पण निष्कर्ष पहिलाच काढला: या भाषा आशियातल्या भावंडांपासून वेगळ्या झाल्यावर, एकत्र असतानाच्या काळात त्यांच्यात ही फूट झाली. अट त्याला देता आली नाही. तरी हा निष्कर्ष टिकला, कारण समोर संस्कृत होती. नुसत्या स्वरांवर वाद घालून तो सुटणारही नव्हता. एक बाजू म्हणणार तुमच्याकडे अट नाही, दुसरी म्हणणार तुमच्याकडे संस्कृतात ए असल्याचा पुरावा नाही.

पुरावा संस्कृतातच होता. तो स्वरात शोधत बसले म्हणून दिसत नव्हता; तो शेजारच्या व्यंजनात पडून होता.

संस्कृतात क आणि च यांचं काहीतरी जुनं नातं आहे हे उघड होतं. वाच् चं वाक् होतं, पच् चं पक्व, शुच् वरून शोक. समोरच्या भाषांत या दोघांच्या जागी एकच ध्वनी भेटतो. लॅटिनमध्ये तो क्व असतो, लिथुआनियनमध्ये क. ‘आणि’ या अर्थाचा च लॅटिनमध्ये क्वे आहे. ‘कोण’ विचारणारा क लॅटिनमध्येही क्व च आहे, जसं ‘काय, जे’ या अर्थाचं क्वोद. म्हणजे मूळ ध्वनी एक, ओठ गोल करून म्हटलेला क, आणि संस्कृतात त्याचे दोन झाले. आता वरचा दंडक लावा: एकाचे दोन झाले तर अट दाखवा.

संस्कृतातच अट शोधली तर हाती काही लागत नाही. ‘च’ मध्ये अ आहे, ‘क’ मध्येही अ आहे. चत्वारः मध्ये अ, कतर मध्येही अ. म्हणून कित्येक वर्षं हा भेद ‘कधी होतो, कधी होत नाही’ या खात्यात पडून राहिला. 1860 च्या सुमारास असं खातं ठेवायला कुणाला लाज वाटत नसे.

ते खातं बंद करायला निघालेली माणसं पुढच्या पिढीतली होती. लाइप्झिगच्या आउगुस्ट लेस्कीनने 1876 साली ध्वनिनियमांना अपवाद मानायचे नाहीत ही भूमिका घेतली, आणि 1878 मध्ये ओस्टहोफ आणि ब्रुगमान यांनी ती जाहीरनाम्यासारखी मांडली. तात्पर्य असं: एखादा ध्वनी एका काळात, एका बोलीत बदलला तर तशाच परिस्थितीतल्या प्रत्येक शब्दात तो बदलतो. बदललेला दिसत नसेल तर परिस्थिती वेगळी होती, किंवा नंतर दुसऱ्या शब्दाच्या नकलेने रूप बदललं, किंवा तो शब्द उसना आहे. ‘असंच झालं’ हे उत्तर चालणार नाही.

हा दंडक मान्य केला की पुढची पायरी जवळजवळ आपोआप पडते. संस्कृतात अट नाही ना, मग इतर भाषांत त्या जागी काय आहे ते पाहा.

च असलेले शब्द घेतले. च: ग्रीक ते, लॅटिन क्वे. पञ्च: ग्रीक पेन्ते, लॅटिन क्विन्क्वे, लिथुआनियन पेन्कि. चत्वारः: ग्रीक तेत्तरेस, लिथुआनियन केतुरि. पाचात तो ध्वनी शेवटी आहे, चारात सुरुवातीला. दोन्हीकडे ग्रीकमध्ये त्याच्यामागून ए येतो. मग क असलेले घेतले. कतर (दोघांतला कोणता): ग्रीक पोतेरोस. कक्ष, म्हणजे काख: लॅटिन कोक्सा, अर्थ मात्र खुबा. ग साठी गौः: ग्रीक बोउस, लॅटिन बोस. इकडे सगळीकडे ओ. क च्या पुढे व्यंजन असेल तरी तो क च राहतो: क्रविस् (कच्चं मांस) आणि ग्रीक क्रेअस.

जिथे बाहेरच्या भाषांत ए किंवा इ, तिथे संस्कृतात च. जिथे ओ, अ किंवा व्यंजन, तिथे क. संस्कृतात न सापडणारी अट शेजारच्या भाषांत जशीच्या तशी पडली होती. आणि ही अट काही विचित्र नव्हे. ए-इ म्हणताना जीभ पुढे, टाळूकडे जाते आणि जाताना आधीच्या क ला ओढत नेते. जगभरच्या भाषांत हे घडतं.

याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की, क चा च झाला त्या वेळी भारतीय-इराणी पूर्वजांच्या तोंडी त्या जागी खरोखर ए होता. नंतर ए आणि ओ दोन्ही अ मध्ये विरले. कारण पुसलं गेलं, परिणाम राहिला. श्लायखरने संस्कृतावरून मुळाला तीन स्वर दिले होते. आता संस्कृतच साक्ष देत होती की तिने दोन गमावले आहेत.

आता आपला चकार पाहा. लिट् मध्ये अभ्यासाचा स्वर ए असे आणि धातूचा ओ, हे जुन्या ग्रीकमध्ये दिसतं: ‘सोडणे’ या धातूचं वर्तमान लेइपो, पण लिट् सारखं रूप लेलोइपे. तोच साचा कृ ला लावला तर मूळरूप येतं *क्वेक्वोरे. (आधी तारा असलेलं रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नसतं, ते हिशेबाने काढलेलं असतं.) भारत-इराणी शाखेत आधी ओठांचा गोलवा गेला: *केकोरे. मग ए आधीचा क तालव्य झाला: *चेकोरे. दुसऱ्या क च्या पुढे ओ आहे, म्हणून तो तसाच राहिला. मग ए चा अ झाला आणि अशा स्वरावर संपणाऱ्या अक्षरातल्या ओ चा आ: चकार. एकाच शब्दात एकाच ध्वनीची दोन रूपं शेजारी शेजारी बसली आहेत. जगाम तसाच, *ग्वेग्वोमे वरून. पाणिनीला अभ्यासापुरतं वेगळं सूत्र करावं लागलं, कारण अभ्यासात नेहमी ए होता आणि धातूत नसे.

पायऱ्यांचा क्रम इथे पक्का ठरतो. ए चा अ आधी झाला असता तर च व्हायला काही कारणच उरलं नसतं. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तेतही ‘आणि’ साठी च च आहे, म्हणून ही पायरी भारतीय आणि इराणी शाखा वेगळ्या होण्याआधीची धरतात.

दुसरा एक साक्षीदार मला फार आवडतो, तो म्हणजे ग्रीक स्वतः. वरचे शब्द पुन्हा पाहा: क्व च्या जागी ग्रीकने ए पुढे असताना त ठेवला (ते, पेन्ते) आणि ओ पुढे असताना प (पोतेरोस). म्हणजे तिथेही तोच ध्वनी फुटला, तीच अट होती, फक्त निकाल वेगळा लागला. हन् धातूत तर हे समोरासमोर दिसतं. संस्कृतात हन्ति पण घ्नन्ति, जघान आणि घन. मूळ ध्वनी ओठ गोल करून म्हटलेला घ. ए आधी तो *झ झाला आणि संस्कृतात त्याचा ह उरला. अवेस्तेत त्या जागी अजून ज आहे, जइन्ति. व्यंजनाआधी आणि ओ आधी घ राहिला. ग्रीकमध्ये ‘मारतो’ हे थेइनो आणि ‘हत्या’ हे फोनोस. ए आधी थ, ओ आधी फ. फोनोस आणि आपला घन हे अक्षरशः एकच रूप, *घ्वोनोस. लोहाराचा घण त्या घन वरून आलेला आणि आपण एखाद्याला हाणतो ते हन् वरून. घण हाणला असं म्हणताना ओ आणि ए यांचा तो जुना भेद आपण घ आणि ह मधून बोलून जातो.

कारण गेलं आणि परिणाम राहिला, हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच तोंडात पाहा. मराठीत च दोन. त्याचा, चाक, चोर, चूल यातला च दाताजवळचा. त्याची, चिमणी, चेंडू यातला टाळूजवळचा. नियम ढोबळमानाने असा, की इ-ए पुढे असेल तर टाळूचा, अ-आ-उ-ओ पुढे असेल तर दाताचा. तत्सम आणि उसने शब्द बाजूला ठेवू. चंद्र, चहा हे टाळूचेच. पण चार? हा काही उसना शब्द नाही, पुढे आ आहे, तरी उच्चार चाकासारखा होत नाही. जुन्या मराठीत हा शब्द च्यारि असा लिहिलेला सापडतो. तो य विरघळला, पण जाण्याआधी त्याने च ला टाळूपाशी नेऊन ठेवलं होतं. आज फक्त चार आणि चाक ऐकणाऱ्याला हा भेद लहरी वाटेल. च्यारि सापडलं नसतं तरी, नियमावर भरवसा ठेवणाऱ्याने तिथे काहीतरी होतं असं म्हटलं असतं. तालव्य नियमात नेमकं हेच झालं. फक्त तिथे जुना कागद नव्हता, भावंडभाषा होत्या.

हा शोध एकाच्या नावावर नाही. डेन्मार्कचे व्हिल्हेल्म थॉमसन आणि कार्ल व्हेर्नर, स्वीडनचा तेग्नेर, जर्मनीतले हेर्मान कोलित्स आणि योहानेस श्मिट, जिनिव्हाचा एकवीस वर्षांचा सोस्यूर हे सगळे 1870 च्या दशकात जवळजवळ एकाच वेळी तिथे पोचले. पहिला कोण, यावर पुढे बरंच लिहिलं गेलं. मला त्यात रस नाही. इतके जण एकदम पोचले, कारण ‘अपवाद चालणार नाही’ असं म्हटल्यावर रस्ता एकच उरला होता.

खरी परीक्षा पुढे होती. नियम मांडला की त्याच्या विरुद्ध जाणारे शब्द दारात उभे राहतात. इथे तीन जण आले आणि तिघांची उत्तरं तीन प्रकारची निघाली.

पहिला जानु, गुडघा. लॅटिन गेनु, पण ग्रीक गोनु. संस्कृतात दीर्घ आ आहे, म्हणजे हिशेब ग्रीकसारखा ओ चा. ओ च्या आधी ज कसा? ग हवा होता. इथे परिस्थिती वेगळी होती: हा ज मुळात दुसराच ध्वनी आहे, पुढच्या स्वराशी त्याचा संबंध नाही. अवेस्तेत तो झ होतो, झानु. आणि जीव मधला, म्हणजे ग वरून आलेला ज तिथेही ज च राहतो. पण संस्कृतापुरतंच पाहायचं असेल तर युज् आणि यज् यांची भूतकाळवाचक रूपं करून बघा. युज् चं युक्त, यज् चं इष्ट. सृज् चं सृष्ट. दिसायला दोन्ही धातूंच्या शेवटी ज आहे, पण त पुढे आला की एकाचा क होतो आणि दुसऱ्याचा ष. पाणिनीला हे दिसलं होतं. त्याने ‘व्रश्चभ्रस्जसृजमृजयजराजभ्राजच्छशां षः’ या सूत्रात असे धातू एकेक नावाने मोजून दिले, कारण कोणत्या ज चा ष होणार हे ओळखायची दुसरी खूण त्याच्याकडे नव्हती. तुलनेने काढलेला दुसरा ज आणि पाणिनीच्या त्या यादीतले ज बहुतेक जुळतात. एकाने भावंडभाषा न पाहता केलेली नोंद आणि दोन हजारांहून अधिक वर्षांनी दुसऱ्यांनी त्या पाहून काढलेली विभागणी अशी एकमेकांवर बसली, की पुनर्रचना हा कल्पनेचा खेळ आहे ही शंका बरीच ढिली पडते.

दुसरा किम्. पुढे चक्क इ आहे, शंकेला जागाच नाही, *चिम् हवं. लॅटिन क्विस, क्विद, ग्रीक तिस, ति. अवेस्तेत चिम् आहेच. मग संस्कृतात किम् का? उत्तर: कः, कम्, कस्य, केन अशी सगळी क ची पंगत बसलेली असताना एकट्याने च म्हणणं टिकलं नाही, नकलेने तो क झाला. याला सादृश्य म्हणतात. पण हे उत्तर फार स्वस्त आहे, जिथे अडेल तिथे सादृश्य म्हणून हात झटकता येतात. म्हणून पुरावा मागायचा: जुनं रूप कुठेतरी अडगळीत, पंगतीपासून लांब, शिल्लक आहे का? आहे. चित् हा अव्यय होऊन सर्वनामांच्या पंगतीतून उठला होता, त्यामुळे त्याला नकलेची लागण झाली नाही. कश्चित्, कदाचित्, क्वचित्. लॅटिन क्विद तो हाच. आपण मराठीत सहज किंचित म्हणतो, त्या एका शब्दात नकलेने झालेला कि आणि नियमाने झालेला चि शेजारी बसले आहेत.

तिसरा कर्तुम्, म्हणजे ‘करायला’. तुमन्त रूपात धातूचा स्वर ए असायला हवा, म्हणजे *चर्तुम्. इथेही सादृश्य म्हणावं, कृ च्या बाकीच्या रूपांतला क पसरला. पण संस्कृतात साक्षीदार नाही. साक्ष मिळाली इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर. दारयवहू या इराणी सम्राटाने तिथे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरून घेतलेल्या जुन्या फारसी लेखात ‘लढाई करायला’ यासाठी हमरनम् चर्तनइय् असे शब्द आहेत. हमरन म्हणजे आपलं समर. आणि ‘करायला’ मध्ये च. त्याच फारसीत धातूच्या बाकीच्या रूपांत क आहे. बहिणीने जपून ठेवलेलं रूप दाखवतं की संस्कृतातला क नंतरचा आहे.

या तीन उत्तरांत मला पद्धतीचं वर्म दिसतं. नियमितता हे निरीक्षण नाही. भाषेकडे बघितलं तर अनियमितताच जास्त दिसते. नियमितता ही शोधणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेली अट आहे, आणि तिची किंमत अशी की प्रत्येक अपवादाचा वेगळा हिशेब द्यावा लागतो. सादृश्य म्हणायचं तर कुणाची नक्कल ते सांगा आणि शक्य तर न बिघडलेलं रूप दाखवा. वेगळा ध्वनी होता म्हणायचं तर तो दुसऱ्या कुठल्या जागी वेगळा वागतो ते दाखवा. ज्याला यातलं काहीच देता येत नाही त्याचा नियमच चुकलेला असण्याची शक्यता जास्त.

पद्धत कुठे थांबते तेही याच प्रकरणात दिसतं. आदिभाषेत ए आणि ओ असे दोन वेगळे स्वर होते हे तिने सिद्ध केलं. त्यांचा नेमका उच्चार कसा होता हे ती सांगू शकत नाही. आपण ए लिहितो कारण तिच्यातून निघालेल्या बहुतेक भाषा तसं म्हणतात आणि त्याने क ला टाळूकडे ओढलं. तो ॲ च्या जवळ असता तरी हा सगळा पुरावा तसाच राहिला असता. शिवाय जिथे आधी कवर्गच नव्हता तिथे संस्कृत ए बद्दल काही बोलत नाही. अस्ति मधला अ पूर्वी ए होता हे आपण ग्रीक-लॅटिनच्या भरवशावर म्हणतो. मात्र आता तो भरवसा कुर्टिउसच्या काळापेक्षा पक्का आहे, कारण जिथे जिथे संस्कृतात तपासता आलं तिथे ती दोघं खरं बोलत होती.

हेर्मान हिर्टने श्लायखरची मेंढी-घोड्यांची गोष्ट नव्या हिशेबाने पुन्हा लिहिली, ती 1939 मध्ये प्रसिद्ध झाली. ददर्क अक्वम्स च्या जागी तिथे देदोर्के एक्वोन्स आहे. अभ्यासात ए, धातूत ओ, चकारसारखंच.

एक शब्द मात्र अजून सरळ बसत नाही, आणि तो पुन्हा चार च आहे. चत्वारः, तेत्तरेस, केतुरि हे तिघे मिळून ए सांगतात. लॅटिनमध्येही क्वेत्तुओर हवं होतं. आहे क्वत्तुओर. लॅटिनला तो अ कुठून मिळाला यावर अनेक तोडगे निघाले आहेत, त्यांतल्या एकावरही सगळ्यांचं एकमत नाही.